कुळागरातल्या दिव्याची बॅटरी आणि दोन रेझिस्टर: कामाच्या नोंदी

१७ मे, फोंडा

सत्तरीत वाळपईच्या पुढे मामाचं कुळागर आहे. सुपारी, मिरी, थोडी केळी. रात्री रानडुकरं आणि अधूनमधून गवे उतरतात, म्हणून खालच्या अंगाला दोन अँपिअरचा, १२ व्होल्टचा एक दिवा लावला आहे. वर सोलर पॅनेल, खाली ४० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी. पावसाळ्यात ऊन मिळत नाही. दिवा मात्र रात्रभर बॅटरी ओढत राहतो. गेल्या वर्षी बॅटरी तळापर्यंत रिकामी होऊन बाद झाली. मामाचे साडेपाच हजार गेले.

यंदा करायचं ठरलं ते असं: अर्डुइनो नॅनो बॅटरीचा व्होल्टेज बघेल आणि तो ११.८ च्या खाली गेला की रिलेने दिवा तोडेल. नॅनोची अ‍ॅनालॉग पिन ५ व्होल्टच्या वर झेपत नाही, तेव्हा मध्ये दोन रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर हवा. वरचा रेझिस्टर बॅटरीच्या प्लसपासून पिनपर्यंत, खालचा पिनपासून ग्राउंडपर्यंत.

`Vpin = Vbat × R2 / (R1 + R2)`

गणित १२ व्होल्टवर करू नये, ही एक गोष्ट आधीपासून ठाऊक होती. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत चढते, म्हणून मी १५ धरले. हाताशी होते २२ किलोओहम आणि १० किलोओहम. ३२ भागिले १० म्हणजे ३.२. पंधराचे होतात ४.६९ व्होल्ट. पिनला सोसेल आणि थोडी जागाही उरेल. खर्च चार रुपये.

१८ मे

ब्रेडबोर्डवर जोडलं. घरातली एक जुनी पण बरी बॅटरी घेतली. नॅनो लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला. कोड एका ओळीचा:

```
float v = analogRead(A0) * 5.0 / 1024.0 * 3.2;
```

मीटर बॅटरीवर दाखवतो १२.६२. स्क्रीनवर येतं १३.५५.

जवळजवळ एक व्होल्टचा फरक. लेड-अ‍ॅसिडमध्ये भरलेली आणि अर्धी बॅटरी यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या आसपासच अंतर असतं, त्यामुळे हा फरक चालण्यासारखा नव्हताच. संशय लगेच रेझिस्टरांवर गेला. सोनेरी पट्ट्याचे, म्हणजे पाच टक्क्यांचे होते. दोन्ही बोर्डवरून काढून मीटरवर मोजले. बोर्डवर असताना मोजू नयेत, बाजूचं सर्किटही त्यात मोजलं जातं. आकडे आले २१.८ आणि ९.९३ किलोओहम. गुणोत्तर ३.१९५. ठरवलेल्या ३.२ च्या अगदी जवळ. रेझिस्टर निर्दोष.

मग परत जोडून पिनवरच मीटर लावला. १२.६२ भागिले ३.१९५ म्हणजे ३.९५ यायला हवे होते, मीटरवर आले ३.९२. तीन शतांश कमी. तो फरक मी सोडून दिला. त्याचं कारण जुलैत कळलं, त्या नोंदीत लिहिलं आहे. पण मुख्य प्रश्नाचं उत्तर मिळालं: डिव्हायडर पिनला हवा तोच व्होल्टेज देतो आहे. पिनवर चार व्होल्टपेक्षा थोडे कमी आहेत आणि कोड त्याचे १३.५५ करतो आहे.

इथे थांबून विचार करायला हवा होता. रात्रीचे अकरा वाजले होते, शनिवारी मामाकडे जायचं कबूल केलं होतं. मी कोडच्या शेवटी ०.९३१ ने गुणलं. स्क्रीनवर १२.६२ आलं आणि मी वायरी आवरल्या.

२४ मे, वाळपई

तिथे लॅपटॉप नसणार, म्हणून नॅनोला बॅटरीवरूनच एका बक कन्व्हर्टरने पाच व्होल्ट दिले, थेट `5V` पिनवर. रिले जोडला, दिव्याची वायर त्यातून घेतली. संध्याकाळी साडेसहाला चालू केलं. दिवा पेटलाच नाही.

बॅटरीवर मीटर १२.७० दाखवत होता. दिवसभर लख्ख ऊन होतं, बॅटरी भरलेली. सोबत नेलेल्या छोट्या डिस्प्लेवर मात्र ११.७४. म्हणजे कोडच्या मते बॅटरी रिकामी, दिवा तोडायचा.

"काय गो, रानडुकरांना आज सुट्टी काय?" मामाने विचारलं. मी रिले बाजूला काढून दिवा बॅटरीला थेट जोडून दिला आणि परतले. तासाभराची वाट पुरती त्याच विचारात गेली. तोच बोर्ड, तेच रेझिस्टर, तोच कोड. बदललं काय? फक्त नॅनोला वीज कुठून मिळते ते.

२५ मे

सकाळी उठल्या उठल्या नॅनोच्या `5V` पिनवर मीटर लावला. यूएसबीवर: ४.६६. बक कन्व्हर्टरवर: ५.०४.

सगळं कोडं या दोन आकड्यांत होतं. नॅनोवर यूएसबीची वीज आत येताना एका शॉटकी डायोडमधून येते. बाहेरून पाच व्होल्ट दिले तर ते उलटे कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये घुसू नयेत, यासाठी तो डायोड आहे. पण तो स्वतः तीन-चार दशांश व्होल्ट खातो. आणि `analogRead` काही सांगितलं नाही तर पिनचा व्होल्टेज याच पुरवठ्याशी ताडून बघतो. तो व्होल्ट मोजतच नाही. पुरवठ्याच्या १०२४ भागांपैकी पिनवर किती भाग आहेत, एवढंच सांगतो. कोडमध्ये `5.0` मी लिहिलं होतं, पण खऱ्या जगात तिथे ४.६६ होते.

हिशेब लावला तर दोन्ही दिवसांचे आकडे जसेच्या तसे निघतात. यूएसबीवर ३.९५ भागिले ४.६६ गुणिले १०२४ म्हणजे ८६७. कोडच्या लेखी ते १३.५५. मामाकडे १२.७० चे पिनवर झाले ३.९७, भागिले ५.०४ गुणिले १०२४ म्हणजे ८०७. कोडच्या लेखी १२.६१, आणि त्यावर माझा ०.९३१. उत्तर ११.७४.

म्हणजे तो ०.९३१ लावला नसता तर कुळागरात आकडा बराच बरोबर आला असता. चूक टेबलावर मोजताना होती, आणि ती झाकण्यासाठी लावलेला आकडा मी कामाच्या जागी घेऊन गेले. ज्यांना यूएसबीवर एक आकडा आणि जागेवर दुसरा दिसतो, त्यांनी रेझिस्टर बदलायच्या आधी `5V` पिन दोन्हीकडे मोजावी. दोन मिनिटांचं काम आहे. माझा एक आठवडा आणि वाळपईची एक फेरी त्यात गेली.

दुपारी उपाय करून बघितला. नॅनोच्या चिपमध्ये स्वतःचा १.१ व्होल्टचा रेफरन्स आहे. पुरवठा वरखाली झाला तरी तो जागचा हलत नाही. सेटअपमध्ये `analogReference(INTERNAL);` लिहिलं. आकडा १०२३ वर जाऊन बसला आणि हलेना. साहजिकच आहे, पिनवर चार व्होल्ट आणि मोजपट्टी १.१ ची. यात पिन जळत नाही, कारण पिनची मर्यादा पुरवठ्याची आहे, रेफरन्सची नाही. रेफरन्सच्या वर फक्त आकडा थिजतो. रेझिस्टर मात्र नवे लागणार.

एक सावधगिरी: `INTERNAL` वापरताना `AREF` पिनला बाहेरून काहीही जोडलेलं नको. कुणी ती ३.३ व्होल्टला जोडून ठेवलेली असेल तर आधी काढा, नाहीतर आतला रेफरन्स आणि बाहेरचा पुरवठा एकमेकांना भिडतात.

३१ मे

पणजीहून एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर आणले, दोन रुपयांना एक. या वेळी निवड जरा बसून केली.

चिपच्या डेटाशीटमध्ये हा आतला रेफरन्स १.० ते १.२ यांमध्ये कुठेही असू शकतो असं दिलं आहे. प्रत्येक चिपचा निराळा. म्हणून १.१ न धरता १.० धरला. पंधरा व्होल्टचे एकाच्या आत आणायचे, म्हणजे गुणोत्तर निदान १५. वर १५० किलोओहम, खाली १०. गुणोत्तर १६. पंधराचे होतात ०.९४ व्होल्ट.

दुसरी अट त्याच डेटाशीटमधली. पिनला जो स्रोत दिसतो त्याचा रोध १० किलोओहमच्या आसपास किंवा खाली असावा. आत एक १४ पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर असतो. प्रत्येक रीडिंगच्या वेळी तो क्षणभर पिनला जोडला जातो आणि तेवढ्यात भरावा लागतो. स्रोत अशक्त असेल तर तो अर्धवटच भरतो. डिव्हायडरमध्ये पिनला दिसणारा रोध म्हणजे दोन्ही रेझिस्टर समांतर: १५० आणि १० चे ९.४ किलोओहम. अटीत बसतं.

तिसरा फायदा ब्रेडबोर्डवर अनुभवाला आला. खालच्या रेझिस्टरचा पाय सैल होऊन निसटला, आणि पिनला वरच्या रेझिस्टरमधून थेट बॅटरी दिसू लागली. १५० किलोओहममधून पन्नासेक मायक्रोअँपिअरच जाऊ शकतात, पिनच्या आतल्या संरक्षक डायोडने ते गिळले. आकडा १०२३ झाला, नॅनो शाबूत राहिला. वरचा रेझिस्टर एक-दोन किलोओहमचा असता तर इतकं निभावलं नसतं.

पिनपासून ग्राउंडपर्यंत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटरही लावला. रिले पडताना आकडा उडत होता, तो शांत झाला.

१ जून

आता आकडा जुळवणं. रेझिस्टरांचा टक्का आणि रेफरन्सचा पत्ता नसलेला आकडा, दोन्ही वेगवेगळे शोधत बसायची गरज नाही. सगळं मिळून एकच गुणक निघतो: मीटरवरचे व्होल्ट भागिले `analogRead` चा आकडा. मागच्या ०.९३१ पेक्षा हे वेगळं कसं, असं वाटेल. त्या वेळी मी एका हलत्या वस्तूवर आकडा बांधला होता. आता रेफरन्स आणि रेझिस्टर दोन्ही जागचे हलत नाहीत.

रेफरन्स बदलल्यावर पहिली काही रीडिंग चुकीची येतात, ती टाकून दिली. नंतर ३२ रीडिंगची सरासरी:

```
analogReference(INTERNAL);
for (int i = 0; i < 8; i++) analogRead(A0);

long s = 0;
for (int i = 0; i < 32; i++) s += analogRead(A0);
float v = (s / 32.0) * 0.016841;
```

मीटरवर १२.५८, आकडा ७४७, गुणक ०.०१६८४१.

एका बिंदूवर जुळवलेलं दुसऱ्या बिंदूवर टिकतं का, हे बघितल्याशिवाय या वेळी वायरी आवरायच्या नाहीत असं ठरवलं होतं. जास्तीचा बक कन्व्हर्टर घेतला, स्क्रूने ११.०२ वर आणला आणि बॅटरीच्या जागी जोडला: स्क्रीनवर ११.०१. मग बॅटरी चार्जरला लावली, मीटर १४.३८ ला पोचला तेव्हा स्क्रीनवर १४.३८. शेवटी यूएसबी काढून बक कन्व्हर्टरवर नॅनो चालवला. आकडा जागचा हलला नाही. मे महिन्यात जे व्हायला हवं होतं ते आज झालं.

एक पायरी म्हणजे बॅटरीचे १७ मिलिव्होल्ट. २२ आणि १० किलोओहमच्या जोडीतही ती साधारण तेवढीच होती, त्यामुळे बारकाईत काही गमावलं नाही.

७ जून, वाळपई

पाऊस लागला आहे. खोका पंपघरात, बॅटरीपासून तीन मीटरवर. दिवा पेटला, मामी चहा घेऊन आली. पाच मिनिटांत दिवा विझला, परत पेटला, परत विझला. रिले टक-टक वाजत राहिला.

दिवा बंद असताना स्क्रीन आणि मीटर तंतोतंत जुळत होते. पेटला की स्क्रीनवर ११.८० च्या खाली, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर म्हणतो १२.२०. गेल्या वेळच्या अनुभवाने नॅनोला हात लावला नाही. मीटर घेऊन खोक्यात डिव्हायडरच्या दोन टोकांवर धरला. तिथेही ११.७९. म्हणजे डिव्हायडर खरं बोलत होता, पण बॅटरीबद्दल नाही, खोक्यातल्या टर्मिनलबद्दल.

बॅटरीपासून खोक्यापर्यंत मी अर्ध्या चौरस मिलिमीटरची जोडवायर टाकली होती आणि दिव्याचे दोन अँपिअरही तिच्यातूनच जात होते. अशा तांब्याच्या वायरचा तीन मीटरला साधारण ०.१ ओहम रोध होतो. दोन अँपिअर म्हणजे ०.२ व्होल्ट जाताना आणि ०.२ येताना. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं खोक्यातल्या मायनसवर धरलं, तर तेच ०.२ समोर दिसले. दिवा विझला की शून्य.

१४ जून, वाळपई

दिव्यासाठी वेगळी अडीच चौरस मिलिमीटरची जोडी टाकली, थेट बॅटरीपासून रिलेच्या संपर्कातून दिव्यापर्यंत. जुनी बारीक जोडी फक्त नॅनो आणि डिव्हायडरसाठी ठेवली, बॅटरीच्या तोंडाशी एक अँपिअरचा फ्यूज घालून. डिव्हायडरचा मायनस आणि नॅनोचा मायनस एकच असावा लागतो, त्यामुळे दोघांना याच जोडीवर ठेवणं भाग आहे. तिच्यातून आता वीसेक मिलिअँपिअर आणि रिलेच्या कॉइलचा थोडा प्रवाह एवढंच जातं. दिवा पेटवला: मीटर १२.३३, स्क्रीन १२.३२.

तोडायचा आकडा ११.८ ठेवला आणि परत जोडायचा १२.५. दोन्ही एकच ठेवले की भार सुटल्यावर बॅटरी जरा वर येते आणि रिले परत टकटकायला लागतो.

वायर, फ्यूज, होल्डर मिळून ४१० रुपये.

२८ जून

आठवडाभर ऊन नाही. बॅटरी रोज थोडी खाली. मामाचा फोन, "तुझा खोकाच बॅटरी खात नाही ना गो?" प्रश्न रास्त होता. डिव्हायडर चोवीस तास बॅटरीवर जोडलेला असतो. १२.६ भागिले १६० किलोओहम म्हणजे ७९ मायक्रोअँपिअर सतत.

दोन्ही रेझिस्टर दहापट केले, १.५ मेगाओहम आणि १०० किलोओहम, तर गुणोत्तर तेच आणि गळती आठ मायक्रोअँपिअर. पिनला दिसणारा रोध ९४ किलोओहम होतो, पण १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर पिनवर आहे, आतला छोटा कपॅसिटर त्यातून भरेल. असा विचार करून नवीन बोर्ड सोल्डर केला, नवा गुणक काढला. टेबलावर सगळं जुळलं.

५ जुलै, वाळपई

बोर्ड बदलला. बॅटरीवर मीटर १२.४८, स्क्रीन १२.४७. खात्रीसाठी पिनवरही मीटर लावला. १२.४८ चे सोळावे भाग ०.७८० हवे होते. आले ०.७१३.

आधी मीटरवर विश्वास ठेवला आणि अर्धा तास सोल्डरचे सांधे तपासत बसले. मग सहज लक्ष गेलं: मीटरची टोकं पिनला टेकलेली असताना स्क्रीनवरचा आकडा १२.४७ वरून ११.४१ वर उतरला होता. टोकं उचलली की परत १२.४७. टेकवली की ११.४१. मामाला बोलावून दाखवलं, त्यानेही दोनदा करून बघितलं.

माझा पिवळा अडीचशे रुपयांचा मीटर व्होल्ट मोजताना स्वतः एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो. तो खालच्या १०० किलोओहमला समांतर बसला की तिथे ९०.९ किलोओहमच उरतात, गुणोत्तर सोळाचं साडेसतरा होतं आणि पिनवर खरोखरच ०.७१ व्होल्ट राहतात. मीटर खोटं दाखवत नव्हता. त्याने लावल्या क्षणी व्होल्टेज बदलला आणि बदललेला दाखवला. १८ मेला सोडून दिलेले तीन शतांशही हेच: तेव्हा रेझिस्टर लहान होते, म्हणून मीटरचा भार पाऊण टक्काच जाणवला.

गावातल्या वायरमनकडून चांगला मीटर मागून आणला. त्याचा रोध १० मेगाओहम. त्याने पिनवर ०.७७३ दाखवले. अजूनही एक टक्का कमी, आणि तेवढा असायलाच हवा. मोठ्या रेझिस्टरांच्या डिव्हायडरचा मधला बिंदू मीटरने तपासायचा असेल तर मीटरचा रोध आधी माहीत हवा. नसेल तर टोकं टेकवून स्क्रीनवरचा आकडा हलतो का, हे बघितलं तरी पुरतं.

१९ जुलै, वाळपई

बोर्ड तसाच ठेवला होता. आज सकाळी आठला पोचले. भिंतींना ओल, खोक्याच्या झाकणाला आतून घाम. बॅटरीवर मीटर १२.३१, स्क्रीनवर १२.६०.

आकडा वर सरकला होता, आणि हे उलट्या बाजूने धोक्याचं आहे: बॅटरी संपत असताना भरलेली दिसणार. मामाने सांगितलं की परवा पहाटेपर्यंत दिवा चालूच होता, "मला वाटलं, बॅटरीत दम आहे."

मामीचा केस वाळवायचा ड्रायर बोर्डवर धरला. स्क्रीनवर १२.६०, १२.५४, १२.४५, आणि तीन-चार मिनिटांत १२.३३ वर येऊन थांबला. ड्रायर बंद करून खोका उघडाच ठेवला तर तासाभरात परत १२.४० च्या वर. भिंग लावून बघितलं: १.५ मेगाओहमच्या दोन पायांमध्ये सोल्डरिंगचा फ्लक्स तसाच राहिला होता, पिवळट आणि हाताला चिकट. मी बोर्ड धुतला नव्हता. दमट हवेत त्या थराने पाणी धरलं आणि वरच्या रेझिस्टरला बाजूने एक वाट मिळाली.

ती वाट किती मोठी असावी याचा हिशेब केला. १२.३१ चे १२.६० दिसायला १.५ मेगाओहमच्या शेजारी फक्त साठ मेगाओहमची गळती पुरते. सहा कोटी ओहम. माझ्या मीटरवर ते "जोडलेलं नाही" असंच दिसेल. हीच गळती १५० किलोओहमच्या शेजारी असती तर आकडा ०.०३ व्होल्टने सरकला असता, दोन पायऱ्या.

२० जुलै

मोठे रेझिस्टर घातलेच कशाला, हा हिशेब आज केला. २८ जूनलाच करायला हवा होता. ७९ मायक्रोअँपिअर म्हणजे दिवसाला दोन मिलिअँपिअर-अवरही नाहीत. नॅनो आणि बक कन्व्हर्टर मिळून बॅटरीकडून घेतात ते मोजले: १४ मिलिअँपिअर, दिवसाला ३३६. चाळीस अँपिअर-अवरच्या बॅटरीत डिव्हायडरचे दोन मिलिअँपिअर-अवर शोधूनही सापडणार नाहीत. वाचवायचं असेल तर नॅनोवरचा सतत जळणारा पॉवर एलईडी काढा आणि रीडिंगच्या मध्ये चिपला झोपवा. मी एलईडी काढला. झोपवायचं अजून राहिलं आहे.

शिवाय डेटाशीट पिनच्या गळतीबद्दल फक्त "जास्तीत जास्त एक मायक्रोअँपिअर" एवढीच हमी देतं. प्रत्यक्षात ती फारच कमी असते. पण हमीवर चालायचं तर ९४ किलोओहमच्या स्रोतावर तेवढ्याने बॅटरीचा आकडा दीड व्होल्टने चुकू शकतो. ९.४ किलोओहमवर तोच धोका दशांशावर येतो. दहा किलोओहमची अट मी कपॅसिटर लावून ओलांडली असं समजत होते. कपॅसिटर रीडिंगच्या क्षणापुरता उपयोगी पडतो, सतत गळणाऱ्या प्रवाहावर त्याचा इलाज नाही.

१५० आणि १० किलोओहमचा जुना बोर्ड परत काढला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने दोन्ही बाजू घासल्या, वाळवल्या, वरून लॅकर मारलं. पिनच्या कनेक्टरवर लॅकर जाऊ नये म्हणून आधी टेप चिकटवला.

२६ जुलै, वाळपई

बसवला. सकाळच्या ओलीत मीटर १२.२६, स्क्रीन १२.२७. ड्रायर मारून बघितला, आकडा हलला नाही.

१६ ऑगस्ट, वाळपई

तीन आठवड्यांत दिवा चार वेळा पहाटेच्या आधी तुटला. मामाने वहीत वेळा लिहून ठेवल्या आहेत: २:४०, ३:१५, १:५०, ४:०५. चारही रात्री आदल्या दिवशी ऊन नव्हतं. आज मुद्दाम थांबले. रात्री दोनच्या सुमाराला रिले वाजला तेव्हा मी टर्मिनलवर मीटर धरून बसले होते: ११.८१.

एकूण खर्च, वाया गेलेला बोर्ड आणि वायर धरून, १,१९० रुपये. वेळ तीन महिने, त्यातला कामाचा फार तर चार दिवस.

खोक्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवला आहे. त्यावर: वर १५० किलोओहम, खाली १०, गुणक ०.०१६८४१, तोड ११.८, जोड १२.५. आणि खाली मामासाठी ठळक अक्षरात: नॅनो बदलला तर हा गुणक चालणार नाही, नव्या चिपचा रेफरन्स वेगळा असेल. मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर धरून नवा काढायचा.